परत आलेल्या पार्सलचा हिशोब

सांगलीत घरातूनच खणाचे कुर्ते विकणाऱ्या एका ताईंचा धंदा डोळ्यांसमोर आणा. इन्स्टाग्रामवर पान, व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डरी, शिवायला दोन बायका आणि रोज दुपारी पार्सलं न्यायला येणारा कुरिअरचा माणूस. महिनाअखेरीस वहीत शंभर ऑर्डरी दिसतात, पैसे मात्र सत्तरच ऑर्डरींचे जमा होतात. उरलेली तीस पार्सलं इंदूर, नागपूर, बडोदा, लखनौ अशी कुठे कुठे फिरून, कोपरे चेमटलेली, पुन्हा त्याच दारात येतात. या ताई मी कल्पनेतून उभ्या केल्या आहेत आणि पुढचे आकडेही हिशोबाला सोपे जावेत म्हणून घेतले आहेत. खर्चाची कलमं मात्र खरी आहेत. ऑनलाइन विकणाऱ्या कुठल्याही लहान माणसाला आपले आकडे त्या जागी घालून पाहता येतील.

पार्सल हातात पडल्यावर पैसे देण्याची आपल्याकडची सवय जुनी आहे. टपाल खात्याने व्हीपीची सोय १८७७ साली सुरू केली. पुस्तकं, औषधं, बियाणं असं कितीतरी सामान गावोगावी व्हीपीने जायचं. पोस्टमन पैसे घ्यायचा आणि मग पुडकं द्यायचा. न सोडवलेली व्हीपी परत आली की टपालखर्च प्रकाशकाच्या माथी बसायचा. फ्लिपकार्टने २०१० मध्ये कॅश ऑन डिलिव्हरी आणली तेव्हा ग्राहकाला ती चटकन पटली. न पाहिलेल्या दुकानाला आधी पैसे देण्याची भीती तिने काढून टाकली. २०१६ मध्ये यूपीआय आलं, आज भाजीवालाही क्यूआर कोड लावून बसतो, तरी सीओडी टिकून आहे. पैसे पाठवणं सोपं झालं, पण अनोळखी विक्रेत्यावर भरवसा ठेवणं सोपं झालेलं नाही. सीओडी मागणारा ग्राहक फसवायलाच निघालेला असतो असं धरून चालणाऱ्या विक्रेत्याचं गणित म्हणूनच पहिल्या पायरीवर चुकतं. बहुतेकांना फक्त आपलं जोखमीचं ओझं विक्रेत्यावर टाकायचं असतं. त्या ओझ्याची किंमत किती, एवढं विक्रेत्याला कळायला हवं.

ताईंच्या कुर्त्याची किंमत ९०० रुपये, पाठवण्याचा खर्च वेगळा नाही. कापड, शिलाई, अस्तर, लेबल धरून कुर्ता ४८० रुपयांना पडतो. पिशवी, टेप, आभाराचं कार्ड यांचे २० रुपये. कुरिअरचं जाण्याचं भाडं, करासह, ७५ रुपये. ग्राहकाने आधी पैसे भरले तर पेमेंट गेटवे साधारण दोन टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेतो, म्हणजे २१ रुपये. हातात उरले ३०४. ग्राहकाने दारात पैसे दिले तर गेटवेचे २१ वाचतात, पण रोकड गोळा करून आणण्याचे ४५ रुपये कुरिअर लावतो. हातात उरले २८०. इथवर दोन्हींत फरक फक्त २४ रुपयांचा आहे, आणि बरेच विक्रेते हिशोब इथेच थांबवतात.

आता पार्सल परत आलं. अशा वेळी रोकड गोळा करण्याचं शुल्क बहुतेक ठिकाणी लागत नाही, पण जाण्याचं भाडं जातंच आणि येण्याचं वेगळं लागतं. जाण्याचे ७५, येण्याचे ६५, वाया गेलेलं पॅकिंग २० असे १६० रुपये गेले. शिवाय परत आलेला प्रत्येक कुर्ता पुन्हा पूर्ण किमतीला विकण्याजोगा नसतो. पाचातला एक डागाळलेला, चुरगळलेला किंवा हंगाम टळलेला निघाला आणि पडत्या भावात काढावा लागला, त्यात २०० रुपये गेले असं धरलं, तर दर परतीमागे आणखी ४० रुपये. म्हणजे एक परत आलेलं पार्सल खिशातून २०० रुपये नेतं.

शंभर सीओडी पार्सलं गेली, सत्तर पोचली, तीस परत आली. सत्तरांचे १९,६०० मिळाले, तिसांचे ६,००० गेले, उरले १३,६००. आता जाहिरातीचा खर्च. इन्स्टाग्रामवर पैसे देऊन जाहिरात चालवताना एका ऑर्डरमागे समजा ९० रुपये पडतात. ते ऑर्डर नोंदवली गेली तेव्हाच खर्च झालेले असतात, पार्सल पोचो वा न पोचो. शंभर ऑर्डरींचे ९,००० वजा केले की शिल्लक ४,६००. एका पाठवलेल्या पार्सलमागे ४६ रुपये, आणि त्यात ताईंची स्वतःची मजुरी धरलेलीच नाही.

पोचलेलं पार्सल २८० देतं, परत आलेलं २०० नेतं. म्हणजे एक पार्सल पोचण्याऐवजी परत आलं की ४८० रुपयांचा फरक पडतो. शंभरातली परती तिसावरून वीसवर आणली तर महिन्याला ४,८०० वाढतात, जवळजवळ आताच्या नफ्याइतके, तेही एकही जास्त कुर्ता न विकता. उलट परती चाळिसावर गेली तर हातात काहीच उरत नाही. तीस आणि चाळीस यांत दिसायला फार अंतर नाही, पण धंदा चालणं आणि बुडणं त्या दहा पार्सलांत आहे.

हे दिसलं की पहिला विचार येतो तो सीओडी बंदच करून टाकण्याचा. तो मोजून पाहता येतो. प्रीपेड पार्सल ३०४ रुपये देतं. पत्ता चुकल्याने काही प्रीपेड पार्सलंही परत येतात, पण ती थोडी असल्याने सध्या बाजूला ठेवू. सीओडीवर शंभर ऑर्डरींतून १३,६०० उरत होते. तेवढेच प्रीपेडमधून मिळवायला १३,६०० भागिले ३०४, म्हणजे ४५ जणांनी आधी पैसे भरायला हवेत. आज सीओडी निवडणाऱ्या शंभरांपैकी ४५ जण, तो पर्याय नसता तरी पैसे भरून तोच कुर्ता घेतील का? सातशे फॉलोअर असलेल्या नव्या पानाला बहुधा नाही. त्यातले बरेच दुसऱ्या पानाकडे जातील. जुने ग्राहक, ओळखीतून आलेल्या ऑर्डरी, मापं देऊन शिवून घेणारे असा ज्यांचा धंदा आहे त्यांच्याकडे मात्र पंचेचाळिसांहून जास्त सहज भरतील, आणि त्यांनी सीओडी खुशाल बंद करावी. मापाने शिवलेल्या किंवा नाव घालून दिलेल्या वस्तूला तर ती ठेवूच नये, कारण परत आलेली वस्तू दुसऱ्या कुणालाच विकता येत नाही आणि २०० रुपयांचा तोटा थेट ६४० वर जातो.

परीक्षा घ्यायची तर एका हंगामात एकाच कुर्त्यावर दोन आठवडे सीओडी बंद ठेवावी, जाहिरातीचा खर्च तोच ठेवावा आणि ऑर्डरी मोजाव्यात. मात्र त्या आठवड्यांत मध्येच गौरी-गणपती किंवा पाडवा आला तर तुलना फसते, हे ध्यानात ठेवावं.

दोन टोकांच्या मधली वाट बऱ्याच लहान विक्रेत्यांना लाभते. ग्राहकाने थोडी रक्कम, समजा १०० रुपये, यूपीआयने आधी द्यायची आणि उरलेले ८०० दारात. शंभर रुपये ही अशी रक्कम आहे की अनोळखी पानावर तेवढी जोखीम बरेच जण घेतात, आणि एकदा दिली की पार्सल नाकारताना हात अडखळतो. सहज बोट लागलं म्हणून ऑर्डर करणारा, एकच कुर्ता तीन पानांवर मागवून जो आधी येईल तो घेणारा, दुसऱ्याचा नंबर टाकून गंमत करणारा, हे सगळे इथेच गळतात.

याचंही गणित मांडू. आगाऊ रक्कम देणाऱ्यांत परती दहा टक्क्यांवर आली असं धरू. पोचलेलं पार्सल २७८ देतं, कारण शंभरावर गेटवेचे दोन रुपये गेले. परत आलेल्याचा २०० चा तोटा त्या शंभरामुळे साधारण निम्मा होतो. दहा पार्सलांत नऊ पोचली आणि एक परत आलं, तर सरासरी एका पार्सलमागे २४० रुपये उरतात. पूर्वीच्या १३,६०० ची बरोबरी करायला ५७ जणांनी आगाऊ द्यायला हवेत. शंभरातले सत्तर तयार झाले तर १६,८०० उरतील, म्हणजे जाहिरात वजा जाता ७,८००. आधीच्या ४,६०० पेक्षा बरेच जास्त, आणि पॅकिंगचं काम कमी. पन्नासच तयार झाले तर मात्र ही वाट सोडून द्यावी.

त्या शंभर रुपयांबाबत कायदा काय म्हणतो तेही पाहायला हवं. ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्स नियम २०२० पासून लागू आहेत. ग्राहकाने ऑर्डर रद्द केली म्हणून त्याच्याकडून शुल्क कापायचं असेल, तर विक्री करणाऱ्यानेही स्वतः ऑर्डर रद्द केल्यावर तसंच शुल्क सोसलं पाहिजे, असा त्यांचा रोख आहे. वस्तू सदोष निघाली, जाहिरातीत दाखवल्यासारखी नसली किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर पोचली, तर ती परत घ्यायला आणि पैसे परत करायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. म्हणून आगाऊ रकमेची अट ऑर्डर घेण्यापूर्वीच साध्या मराठीत लिहून पाठवावी: ‘पार्सल निघाल्यावर विनाकारण नाकारलं तर हे १०० रुपये कुरिअर खर्चात जातील. माल खराब किंवा चुकीचा निघाला तर पूर्ण पैसे परत. आम्हीच ऑर्डर पुरी करू शकलो नाही तर तुमचे १०० आणि वर आमचे १०० देऊ.’ शेवटच्या वाक्याने विक्रेत्याला वर्षाकाठी फार तर थोडे रुपये मोजावे लागतील, पण अनोळखी ग्राहकाला धीर देण्यासाठी इतकं स्वस्त दुसरं काही मला सुचत नाही.

प्रीपेडला सवलत देण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. ‘आधी पैसे भरा, ५० रुपये वाचवा.’ इथे एक फसगत आहे आणि ती सहज दिसत नाही. सवलत पाहून आधी पैसे भरणारे कोण असतात? बहुतेक करून ज्यांचं घ्यायचं आधीच ठरलेलं आहे ते. हेच लोक सीओडीवरही पार्सल सोडवून घेणार होते. समजा शंभरांतले असे २५ जण प्रीपेडकडे वळले. त्यांच्यामागे २८० मिळणार होते, आता ३०४ वजा ५० म्हणजे २५४ मिळाले. दर माणशी २६ रुपये कमी झाले. आणि पार्सलं नाकारणारे तीस जण सीओडीतच राहिले. आता सीओडीची पार्सलं ७५ आणि परती ३०, म्हणजे टक्केवारी तिसावरून चाळिसावर गेली. विक्रेता म्हणतो सीओडी आणखी बिघडली. खरं तर एकही परती वाढलेली नाही आणि एकही कमी झालेली नाही.

सवलतीचा फायदा होतो तो पार्सल नाकारलं असतं अशा माणसाने सवलतीच्या मोहाने आधी पैसे भरले तर. त्याच्यामागे २०० जाणार होते, आता २५४ आले, म्हणजे ४५४ चा फरक पडला. वळलेल्या पंचविसांत असे दोघे निघाले तरी सवलत पदरात पडते. पण जे आधीपासूनच प्रीपेड भरत होते त्यांनाही ती द्यावी लागते, आणि त्यांच्यामागे सगळे पन्नास निव्वळ जातात. त्यामुळे सवलत चालली की नाही हे पाहताना प्रीपेडचा वाटा किती वाढला याकडे पाहू नये. एकूण शंभर ऑर्डरींमागे, दोन्ही प्रकार मिळून, परत आलेल्या पार्सलांची संख्या कमी झाली का, एवढंच पाहावं. ती कमी झाली नसेल तर सवलत म्हणजे चांगल्या ग्राहकांना दिलेली बक्षिसी आहे. मनापासून द्यायची तर द्यावी, पण परतीवरचा उपाय म्हणून नव्हे.

उलट्या बाजूने काही जण सीओडीवर वेगळे ४०-५० रुपये लावतात. तो मार्ग खुला आहे, पण रक्कम किमतीच्या शेजारीच दिसली पाहिजे. २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयक मार्गदर्शक सूचनांनुसार खरेदीच्या शेवटच्या पायरीवर लपवलेलं शुल्क पुढे करणं अनुचित ठरतं, आणि सीओडीच्या जादा शुल्कांबाबतच्या तक्रारींची दखल केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२५ मध्ये घेतली आहे.

इथवर पैसे कसे घ्यायचे ते झालं. पण तीस परतींपैकी मोठा भाग पैशाच्या प्रकाराने ठरत नाही. पार्सल का परत आलं हे कुरिअरच्या पॅनेलवर एका ओळीत लिहिलेलं असतं: ग्राहक उपलब्ध नाही, पत्ता अपुरा, ग्राहकाने नाकारलं, पैसे तयार नाहीत, नंतर या म्हणाले. याला एनडीआर, म्हणजे डिलिव्हरी न झाल्याचा अहवाल म्हणतात. सहसा तीनदा प्रयत्न होतो आणि मग पार्सल उलटं फिरतं. बरेच विक्रेते या ओळी वाचतच नाहीत, किंवा आठवड्याने वाचतात, तोवर पार्सल निम्म्या वाटेवर आलेलं असतं. पहिला प्रयत्न फसला त्याच संध्याकाळी ग्राहकाला फोन करणं, ही परती कमी करणारी सर्वांत उपयोगाची अर्धी तास मेहनत आहे.

त्या फोनवर शेरा खरा की खोटा तेही कळतं. ‘ग्राहकाने नाकारलं’ असं लिहिलेलं असतं आणि ग्राहक म्हणते, ‘मला तर फोनच आला नाही, मी दिवसभर घरी आहे.’ दिवसाला कितीतरी पार्सलं घेऊन फिरणाऱ्या मुलाला शेवटच्या गल्लीत जायला वेळ उरत नाही आणि तो एखादा शेरा टाकून मोकळा होतो. खोटा शेरा ओळखायच्या खुणा आहेत. रात्री उशिरा एकदम नोंदवलेला प्रयत्न, एकाच भागातल्या चार पार्सलांवर त्याच दिवशी तोच शेरा, कॉलची नोंद नाही. अशा वेळी पॅनेलवर पुन्हा प्रयत्नाची मागणी करावी, ग्राहकाने सांगितलेली वेळ आणि खूण लिहावी, आणि ग्राहकाशी झालेल्या व्हॉट्सअ‍ॅप संवादाचं चित्र तक्रारीला जोडावं. ज्या भागात एका कुरिअरचे असे शेरे वारंवार येतात तिथे दुसरा कुरिअर लावून पाहावा. अनेक कुरिअर एका पॅनेलवर देणाऱ्या कंपन्यांमुळे हे आता लहान विक्रेत्यालाही जमतं. पण घाईने निष्कर्ष काढू नये. एखाद्या पिनकोडवर गेलेल्या पाचांपैकी तीन परत आली म्हणून तो पिनकोड वाईट ठरत नाही. पाच हा आकडाच फार लहान आहे. जिल्हा किंवा राज्य धरून निदान पन्नास-साठ पार्सलांवर पाहिलं तर काही अर्थ लागतो, आणि मगच त्या भागाला आगाऊ रकमेची अट घालावी.

‘पत्ता अपुरा’ हा शेरा बहुतेक वेळा खरा असतो, आणि त्यात ग्राहकापेक्षा पत्त्याच्या फॉर्मचा दोष जास्त असतो. आपल्याकडे पत्ता मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा असा लिहिला जातो. वडगाव आणि पिंपळगाव या नावाची गावं महाराष्ट्रात कितीतरी आहेत. तालुका नसेल तर पार्सल भलत्याच जिल्ह्यात जाऊन बसतं. ऑनलाइन फॉर्ममध्ये तालुक्याला रकाना नसतो, म्हणून तो व्हॉट्सअ‍ॅपवर विचारून घ्यावा. पिनकोड लिहिलेल्या गावाचाच आहे ना ते पाहावं, देऊळ-शाळा-दवाखाना अशी एक खूण आणि घरातला दुसरा नंबर मागावा. कुर्ता मागवणारी कॉलेजात किंवा नोकरीवर असते आणि पार्सल दुपारी घरी येतं. घरच्यांना पार्सलाची कल्पना नसते, ९०० रुपये काढून देणारं कुणी नसतं, आणि ‘नाकारलं’ अशी नोंद होते. यात कुणाचाही डाव नाही. ‘उद्या पार्सल येईल, ९०० रुपये घरी ठेवून जा किंवा या क्यूआर कोडवर आजच भरा,’ असा निरोप आदल्या दिवशी गेला तर असली परती टळते.

राहिली खरीच नको झालेली ऑर्डर. रात्री अकरा वाजता रील पाहताना आवडलेला कुर्ता सकाळी आवडेलच असं नाही. म्हणून पार्सल बांधण्यापूर्वी पक्की खात्री करून घ्यावी. कुर्त्याचा फोटो, छातीचं माप इंचात, एकूण रक्कम आणि पोचण्याची अंदाजे तारीख असा एक निरोप पाठवावा आणि उत्तरात ‘हो’ मागावं. चोवीस तासांत ‘हो’ आलं नाही आणि फोनही उचलला नाही, तर पार्सल पाठवू नये. हातची ऑर्डर सोडायला जीव होत नाही हे खरं, पण तशा ऑर्डरीचं गणितही मांडता येतं. पोचली तर २८०, परत आली तर वजा २००. पाचांपैकी तीन परत येणार असतील तर पाच पार्सलांत ५६० मिळतात आणि ६०० जातात. निरोपाला उत्तर न देणाऱ्यांत परती याहून कमी असेल असं मला वाटत नाही. ‘हो’ आलं की मात्र पार्सल त्याच दिवशी निघालं पाहिजे, कारण मधे जितके दिवस जातात तितकी मन बदलायला सवड मिळते. सांगलीहून पुण्याला दोन-तीन दिवसांत पोचणारं पार्सल आणि गुवाहाटीला आठवड्याने पोचणारं पार्सल यांची परती सारखी धरू नये. लांबच्या भागांत आगाऊ रक्कम घेण्याचं हेही एक कारण आहे.

परती होणारच आहे तेवढी स्वस्त कशी पडेल तेही पाहावं, आणि त्यात पॅकिंगची निवड आश्चर्य वाटेल इतकी महत्त्वाची आहे. कुरिअर काट्यावरचं वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जास्त असेल ते धरतो. आकारमानाचं वजन काढायचं तर लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुधा ५,००० ने भागतात. कुर्ता घडी घालून ३० बाय २५ बाय ३ च्या पिशवीत घातला तर ते येतं ४५० ग्रॅम, म्हणजे अर्ध्या किलोच्या टप्प्यात. तोच कुर्ता छान दिसावा म्हणून दहा सेंटिमीटर उंचीच्या खोक्यात घातला तर दीड किलो. भाडं वाढतं, आणि परत आलं तर वाढलेलं भाडं दोनदा भरावं लागतं. बांधलेलं पार्सल वजनकाट्यावर ठेवून, शेजारी टेप लावून फोटो काढून ठेवावा. वजन जास्त दाखवून जादा बिल आलं तर तोच पुरावा कामी येतो.

परत आलेलं पार्सल फोडताना सुरुवातीपासून व्हिडिओ घ्यावा: आधी बंद पिशवीवरचा क्रमांक, मग टेप, मग आतली वस्तू. कुर्त्याऐवजी जुनं फडकं निघालं किंवा पिशवी फाटलेली असली तर कुरिअरकडे दावा करायची मुदत फार थोडी असते, काही ठिकाणी एक-दोन दिवसांची. डाग नसेल तर कुर्ता त्याच दिवशी इस्त्री करून पुन्हा साठ्यात नोंदवावा. परत येणारी वस्तू जाऊन-येऊन तीन आठवडे वाटेवर असते. तीस कुर्त्यांचे १४,४०० रुपये तेवढे दिवस अडकून पडतात, शिवाय पोचलेल्या सीओडीची रक्कमही कुरिअरकडून आठवडाभराने मिळते. गणपतीच्या आठ दिवस आधी लांबच्या राज्यात सीओडीवर गेलेला खणाचा कुर्ता परत येईल तेव्हा विसर्जन होऊन गेलेलं असेल. सणाच्या तोंडावरच्या त्या शेवटच्या दहा दिवसांत लांबच्या भागांना पूर्ण रक्कम आधी घेऊनच माल द्यावा, आणि उरलेला साठा जवळच्या जिल्ह्यांसाठी राखून ठेवावा; तिथे तो सणाआधी पोचतो, आणि एखादा परत आलाच तर पुन्हा विकायला दिवस हातात असतात.